किडनीचा सोनोग्राफी रिपोर्ट: साइज, कॉर्टेक्स आणि 'ग्रेड' कसं वाचायचं

आमच्या सांगलीच्या सेंटरमधून रिपोर्ट हातात पडला की बरेच जण जिन्यातच थांबून शेवटची ओळ वाचतात, तिथं 'ग्रेड १' दिसलं की घाबरून परत वर येतात, म्हणून हे लिहून दिलंय.

परवा एकाच दिवशी दोन पेशंट आले, दोघांचंही क्रिएटिनिन, म्हणजे किडनीनं रक्तातून बाहेर टाकायचा कचरा, वाढून ४.६. पहिले तासगावकडचे द्राक्षबागायतदार, वय ५८, बीपी जुनं पण गोळी कधी घेतली कधी नाही. उजवी किडनी ७.६ सेंटीमीटर, डावी ७.९. मोठ्या माणसाची किडनी साधारण ९ ते १२ असते, डावी जरा मोठी, उंची कमी असेल किंवा वय झालं असेल तर थोडी लहान चालते. यांचा कॉर्टेक्स, म्हणजे रक्त गाळणारा बाहेरचा थर, जो ७ ते १० मिलिमीटर हवा, तो जेमतेम ५ होता. आणि रंग? स्क्रीनवर किडनी नेहमी शेजारच्या लिव्हरएवढी किंवा त्याहून काळपट दिसते, यांची लिव्हरपेक्षा पांढरी दिसत होती. यालाच इकोजेनिसिटी वाढली म्हणतात, आणि ती किती वाढली हे सांगणारा आकडा म्हणजे ग्रेड. आतला आणि बाहेरचा भाग वेगळा ओळखूच येत नव्हता, म्हणून ग्रेड ३.

दुसरा तिशीतला पोरगा, चार दिवस जुलाब-उलट्या. किडन्या १०.८ आणि ११, कॉर्टेक्स चांगला जाड. आकडा तोच, पण हे ताजं दुखणं, सलाईन आणि उपचारांनी क्रिएटिनिन खाली यायची बरीच आशा असते. बागायतदारांच्या दोन्ही किडन्या आकसल्या होत्या म्हणजे आजार वर्षानुवर्षं मुरलेला, गेलेला भाग परत येत नाही, आता उरलेलं काम जपायचं आणि पुढची तयारी किडनीच्या डॉक्टरांशी बोलून वेळेत करायची. अशा किडनीची बायोप्सी सहसा करत नाहीत, धोका जास्त आणि हाती फार काही लागत नाही.

एकच किडनी लहान असेल तर गोष्ट वेगळी. ती जन्मापासून तशी असू शकते, लहानपणी लघवी उलटी चढून खराब झालेली असू शकते, किंवा तिची रक्तवाहिनी अरुंद झालेली असू शकते, त्यामुळं बीपीची चौकशी नीट होते.

आता नुसत्या ग्रेड १ बद्दल. साइज आणि कॉर्टेक्स चांगले असतील तर एवढ्यावरून किडनी गेली असं अजिबात नाही, क्रिएटिनिन आणि लघवीतलं प्रोटीन तपासून घ्या. फॅटी लिव्हर असेल तर लिव्हरच पांढरं दिसतं आणि तुलना फसते. आणि उलटंही होतं बरं का, शुगरवाल्यांच्या किडन्या खराब होत असतानाही साइज नॉर्मल राहू शकते, म्हणून 'साइज नॉर्मल' वाचून शुगरवाल्यांनी रक्त-लघवी तपासणी चुकवू नये.

जुने रिपोर्ट टाकून देऊ नका, येताना घेऊन या. मोजणाऱ्याचा हात बदलला की अर्धा-एक सेंटीमीटर इकडं तिकडं होतोच, तेवढ्यावर घाबरायचं नाही, पण बागायतदारांच्या घरी तीन वर्षांपूर्वीचा कागद सापडला त्यात उजवी ९.४ होती.