द्विटप्पा शोध (घनकोडे)

३×३×३ फिरत्या घनाचे कोडे संगणकाकडून थोड्या चालींत सोडवून घेण्याची पद्धत. पहिल्या टप्प्यात घन अशा उपसमूहात आणतात, की जेथून पुढे वरची U व खालची D या बाजूंच्या सर्व चाली आणि उजवी R, डावी L, पुढची F, मागची B यांच्या केवळ अर्ध्या फेऱ्या (R2, L2, F2, B2) पुरतात. दुसऱ्या टप्प्यात या दहा चालींनीच तो पूर्ण सुटतो. हर्बर्ट कोसिएम्बा यांनी ही पद्धत १९९२ मध्ये मांडली.

तिच्या उगमाविषयी दोन मते आढळतात. थिसलथ्वेट यांनी १९८१ च्या सुमारास चार टप्प्यांची, कमाल ५२ चालींची पद्धत दिली होती. तिच्यातील मधला उपसमूह हाच असल्याने काही जण द्विटप्पा शोधाला तिचे संक्षिप्त रूप मानतात. मात्र थिसलथ्वेट यांची भिस्त आधी काढून ठेवलेल्या चालींच्या याद्यांवर होती. येथे ती खोली वाढवत जाणाऱ्या शोधावर आहे, आणि टप्पा संपायला किमान किती चाली उरल्या ते सांगून त्याला आवरणारे छाटणी-तक्ते हा तिचा खरा गाभा आहे. त्यामुळे ती स्वतंत्र पद्धत मानणे अधिक सयुक्तिक वाटते. कॉर्फ यांचे १९९७ मधील इष्टतम उकलीचे काम अशाच तक्त्यांवर उभे आहे, पण ते नंतरचे.

पहिल्या टप्प्यात घनाची स्थिती तीन निर्देशांकांत मावते : कोपऱ्यांचे वळण (३⁷ = २,१८७), कडांची पलटी (२¹¹ = २,०४८) आणि मधल्या थराच्या चार कडा कोठे आहेत ते (४९५). आठव्या कोपऱ्याचे वळण व बाराव्या कडेची पलटी उरलेल्यांवरून ठरते, म्हणून घातांक एकाने कमी. गुणाकार २,२१,७०,९३,१२० येतो. एवढा तक्ता बांधण्याऐवजी वळण×थर (१०,८२,५६५ नोंदी) आणि पलटी×थर (१०,१३,७६०) असे दोन तक्ते करतात व शोधात दोहोंतील मोठा आकडा घेतात. दोन्ही का लागतात, हे सर्व बारा कडा जागच्या जागी पलटलेल्या स्थितीत स्पष्ट दिसते. तिचे वळण ०, थर ०, पलटी २०४७. पहिला तक्ता शून्य सांगतो, जणू टप्पा संपलाच. शोधाला वाट दाखवतो तो दुसरा.

प्रत्येक निर्देशांकावर १८ चालींचा परिणाम चाल-तक्त्यात आधीच लिहून ठेवतात. सर्वाधिक चुका येथेच होतात. कोपऱ्यांचा क्रम URF, UFL, ULB, UBR, DFR, DLF, DBL, DRB असा धरून, `cp[i]` म्हणजे i या जागी आलेला तुकडा, `co[i]` म्हणजे त्याचे वळण आणि `m` म्हणजे केलेली चाल असे ठरवल्यास सूत्र असे :

```
co2[i] = (co[m.cp[i]] + m.co[i]) % 3
```

येथे नवे वळण केवळ जुन्या वळणावर अवलंबून राहते. घन आणि चाल यांचा क्रम उलटला, तर त्यात तुकड्यांची जागाही मिसळते आणि निर्देशांकाला अर्थ उरत नाही. कोणतीही चाल चारदा केली की घन पूर्ववत होतो, ही नेहमीची चाचणी अशा चुकीच्या सूत्रालाही उत्तीर्ण करते. खात्रीची चाचणी वेगळी : सुटलेला घन आणि त्यावर U केलेला घन, दोहोंचे वळण ० असते, दोहोंवर R केल्यावर १४९४ आले पाहिजे. उलट्या क्रमात दुसरीकडे १२२४ येते.

छाटणी-तक्ता सुटलेल्या स्थितीपासून थराथराने भरतात : अंतर ० ची एक नोंद, तिच्यापासून एका चालीने पोहोचता येणाऱ्यांना १, असे पुढे. दोन्ही तक्त्यांत अंतर १ च्या नोंदी नेमक्या चार असाव्यात, आठ नव्हेत. R आणि तिची उलट फेरी R' यांत R2 चाच फरक आहे आणि R2 उपसमूहातच मोडते, म्हणून दोहोंची नोंद एकच. L, F, B यांचेही तसेच. आठ भरल्या, तर संदर्भ-अक्ष किंवा वळणाची व्याख्या चुकली आहे.

पहिली उकल सापडताच थांबणारा कार्यक्रम ही पद्धत अर्धीच वापरतो. समजा, पहिला टप्पा १० चालींत आणि दुसरा १४ चालींत संपला, एकूण २४. आता पहिल्या टप्प्याच्या १० चालींच्या इतर वाटा, मग ११ चालींच्या, असा शोध चालू ठेवून दुसऱ्या टप्प्याला केवळ २३ मधून उरलेल्या चाली द्याव्यात. पहिला टप्पा मुद्दाम लांबवल्याने दुसरा अनेकदा त्याहून अधिक आखडतो. शेवटची चाल R असेल, तर तिच्या जागी R' घेतलेली वाटही टप्पा पूर्ण करते, पण तुकड्यांची मांडणी निराळी देते. म्हणून दोन्ही तपासाव्या लागतात. पहिला टप्पा R2 सारख्या उपसमूहातील चालीने संपवू देऊ नये, नाहीतर तीच उकल दोनदा मोजली जाते. दोन्ही टप्प्यांची वाईटात वाईट लांबी अनुक्रमे १२ आणि १८ आहे.

दुसऱ्या टप्प्यात कोपऱ्यांची मांडणी (४०,३२०), वरखालच्या आठ कडांची मांडणी (४०,३२०) आणि मधल्या थराची (२४) असे निर्देशांक असतात. तक्ते त्याच रीतीने भरतात. दिलेल्या स्थितीची सम-विषमता आधी तपासलेली बरी. सुट्या करून पुन्हा बसवलेल्या घनात दोनच कडांची अदलाबदल झालेली असेल, तर पहिला टप्पा बिनतक्रार संपतो आणि दुसरा कधीच संपत नाही.