ठिपक्याची वाढती चाल: आकृतिमालिका सरावसंचासोबतचे माहितीपत्रक

आमच्या आकृतिमालिका संचाबद्दल सर्वाधिक येणारी तक्रार अशी: "नऊ घरांच्या चौकटीतल्या ठिपक्याच्या मालिकेत आठवी आणि नववी आकृती एकसारखीच छापली गेली आहे." छपाई बरोबर आहे. ठिपका त्या दोन आकृत्यांत खरोखरच एकाच घरात असतो. का, ते सांगण्यासाठीच हे पत्रक.

चौकट तीन बाय तीनची. ठिपका मधल्या घरात जात नाही, कडेच्या आठ घरांतून घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरतो. पहिल्यांदा एक घर, मग दोन, मग तीन, असा प्रत्येक वेळी एक घर जास्त सरकतो. हे डोळ्यांनी पकडायला जाऊ नका. पेन्सिल घ्या आणि कडेच्या घरांना क्रमांक द्या: वरच्या डाव्या कोपऱ्याला 1, त्याच्या उजवीकडे 2, वरचा उजवा कोपरा 3, त्याखाली 4, खालचा उजवा कोपरा 5, मग खालच्या ओळीतून डावीकडे 6 आणि 7, शेवटी डाव्या बाजूचे मधले घर 8. आता प्रत्येक आकृतीखाली ठिपक्याचा क्रमांक लिहा. पुढचा क्रमांक काढताना बेरीज आठच्या वर गेली, तर आठ वजा करायचे.

ठिपका 1 वर आहे. एक घर सरकून 2, दोन घरे सरकून 4, तीन सरकून 7. आता चार घरे: 11, म्हणजे 3. पाच घरे: 8. सहा घरे: 14, म्हणजे 6. सात घरे: 13, म्हणजे 5. इथवर आठ आकृत्या झाल्या आणि कडेचे प्रत्येक घर बरोबर एकदा येऊन गेले. पुढची चाल आठ घरांची, म्हणजे एक पूर्ण फेरी, म्हणून ठिपका 5 वरच परत येतो. दहाव्या आकृतीत नऊ घरांची चाल त्याला 6 वर नेते.

गोंधळ खरा सुरू होतो तो पाचव्या आकृतीनंतर. 3 वरून 8 वर जाणारा ठिपका पाहताना डोळा जवळची वाट धरतो आणि "तीन घरे मागे आला" असे समजतो. त्यापुढे "दोन मागे", मग "एक मागे". मालिकेने दिशा बदलली असे वाटून बरेच जण सुरुवातीचा नियम सोडून देतात. आठ घरांच्या फेरीत पाच घरे पुढे आणि तीन घरे मागे हे एकच ठिकाण असते. त्यामुळे चाल चारच्या पुढे गेली की फरक नेहमी पुढच्या दिशेनेच मोजा. वजाबाकी ऋण आली, तर तिच्यात आठ मिळवा: 8 उणे 3 म्हणजे 5, पण 6 उणे 8 म्हणजे उणे 2, आणि आठ मिळवून 6. चाली 5, 6, 7 अशा ओळीने आल्या, की नियम तोच चालू आहे.

दुसरी चूक मोजणीची, आणि ती लवकर लक्षात येत नाही. काही जण ठिपका जिथे आहे तेच घर "एक" म्हणून मोजतात. त्यांना 1, 2, 3 ऐवजी 2, 3, 4 अशा चाली मिळतात. वाढ एकाचीच असल्याने नियम सापडल्यासारखा वाटतो. पुढची चाल पाच ठरवून ठिपका हलवताना मात्र ते सुरुवातीचे घर सोडून मोजतात, आणि 3 ऐवजी 4 वर पोचतात. हा एक घर चुकलेला ठिपका आम्ही पर्यायांत मुद्दाम ठेवतो. सुरुवातीचे घर कधीच मोजू नका, पाऊल पडते ते पुढच्या घरापासून.

तीन आकृत्यांवरून उत्तर देऊ नका. त्यांत 1 आणि 2 एवढ्याच चाली दिसतात, पुढची 3 असेल किंवा दुप्पट होऊन 4. म्हणून आमच्या प्रत्येक प्रश्नात किमान चार आकृत्या दिलेल्या असतात.

काही प्रश्नांत ठिपका कडेने न जाता ओळीने जातो: वरची ओळ डावीकडून उजवीकडे, मग तिच्याखालची, शेवटच्या घरानंतर पुन्हा पहिले. तिथे घरे नऊ, म्हणून वजाही नऊच करायचे. मधले घर रिकामे दिसले म्हणून ठिपका कडेनेच फिरतोय असे धरू नका. ओळीने जाणारा ठिपका पहिल्या घरापासून निघाला तर 1, 2, 4, 7, 2, 7, 4, 2, 1 असा जातो आणि मालिका कितीही लांबवली तरी मधल्या पाचव्या घराला शिवत नाही. शंका असेल तर दोन्ही पद्धतींनी क्रमांक लिहून फरक काढा. वर सोडवलेल्या मालिकेच्या पहिल्या चार आकृत्यांना ओळीने क्रमांक दिले तर 1, 2, 6, 7 मिळतात आणि चाली 1, 4, 1. ही वाढ नाही, म्हणजे तिथे कडेची मोजणीच खरी.