राउटर-बदल (नेटवर्कचे नाव व पासवर्ड कायम ठेवून)

राउटर-बदल : जुन्या राउटरच्या जागी नवा राउटर बसवताना त्याला जुनेच नेटवर्क-नाव आणि जुनाच पासवर्ड देण्याची पद्धती. फोन, संगणक, छपाईयंत्र, कॅमेरा इत्यादी साधने त्यामुळे हाताने पुन्हा जोडावी न लागता आपोआप जोडली जातात. ही पद्धती केवळ बिनतारी बाजूशी निगडित आहे. इंटरनेट पुरवणाऱ्या संस्थेकडील जोडणीसाठी लागणारे सदस्यनाव, पासवर्ड किंवा यंत्राच्या पत्त्याची नोंद हा वेगळा विषय असून नेटवर्कचे नाव जुने ठेवल्याने त्यात काहीच साधत नाही.

या पद्धतीला सुरुवात केव्हा झाली हे नेमके सांगणे कठीण आहे. ८०२.११ हे बिनतारी नेटवर्काचे प्रमाण १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. कमाल ३२ बाइटांचे नेटवर्क-नाव, म्हणजे एसएसआयडी, त्यात होतेच, आणि यंत्र बदलले तरी नाव तेच ठेवता येत होते. म्हणून काही जाणकार या पद्धतीचा उगम तेथपर्यंत मागे नेतात. मात्र त्या काळच्या वेप या सुरक्षा-पद्धतीत पासवर्ड असा नव्हताच, तर १० किंवा २६ षोडशमानी अंकांची किल्लीच भरावी लागे. काही उत्पादक सोयीसाठी एखादा शब्द भरून घेऊन त्यापासून किल्ली बनवून देत, परंतु ती बनवण्याची रीत प्रमाणात ठरवून दिलेली नव्हती. त्यामुळे एकच शब्द दोन कंपन्यांच्या राउटरांत भरला, तर दोन वेगळ्या किल्ल्या निघू शकत. ‘तेच नाव, तोच पासवर्ड’ ही आज गृहीत धरली जाणारी हमी २००३ मध्ये डब्ल्यूपीए ही नवी सुरक्षा-पद्धती आणि २००४ मध्ये ८०२.११आय ही दुरुस्ती आल्यानंतरच मिळाली, कारण पासवर्डापासून किल्ली बनवण्याची एकच रीत तेव्हा सर्वांवर बंधनकारक झाली. यामुळे प्रस्तुत पद्धती खऱ्या अर्थाने २००३ नंतरची मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

ही रीत समजली की पद्धतीचे यश आणि अपयश दोन्ही उलगडतात. डब्ल्यूपीए व डब्ल्यूपीए-२ यांच्या घरगुती प्रकारांत ८ ते ६३ अक्षरांचा पासवर्ड आणि नेटवर्काचे नाव ही दोन्ही एका गणिती प्रक्रियेतून ४,०९६ वेळा फिरवली जातात व शेवटी २५६ बिटांची किल्ली तयार होते. नाव येथे मिठासारखे मिसळलेले असते. म्हणजे नाव हे दारावरच्या पाटीपुरते नसून ते किल्लीच्या घडणीतच उतरलेले असते. राउटरचा स्वतःचा यंत्र-पत्ता, त्याची कंपनी किंवा त्याचा नमुना यांपैकी काहीही या प्रक्रियेत येत नाही. दुसऱ्या कंपनीचा राउटरही जुन्याच किल्लीने उघडतो, तो यामुळेच. लिनक्स प्रणालीत ही किल्ली प्रत्यक्ष पाहता येते. प्रमाणात चाचणीसाठी दिलेले नाव व पासवर्ड वापरल्यास पुढील उत्तर मिळते :

```
$ wpa_passphrase IEEE password
network={
	ssid="IEEE"
	#psk="password"
	psk=f42c6fc52df0ebef9ebb4b90b38a5f902e83fe1b135a70e23aed762e9710a12e
}
```

याच आज्ञेत `IEEE` ऐवजी `ieee` लिहिले, तर पासवर्ड तोच असूनही किल्ली पूर्णपणे वेगळी निघते. नावाच्या शेवटी चुकून पडलेली एक रिकामी जागाही तोच परिणाम घडवते. राउटरच्या पानावर ती डोळ्यांना दिसत नाही आणि तपास लांबतो. म्हणून जुन्या राउटरवरील नाव नजरेने वाचून नव्यावर लिहिण्यापेक्षा तेथूनच उचलून डकवावे. मात्र डकवल्यानंतर नावाच्या शेवटी क्लिक करून मागेपुढे काही नको ते चिकटले नाही ना, हे पाहणे आवश्यक आहे. जुन्या नावातच मुळात अशी रिकामी जागा असेल, तर तीही जशीच्या तशी ठेवावी लागते.

साधन नेमके काय लक्षात ठेवते, याविषयी दोन मते आढळतात. प्रचलित समजुतीनुसार नाव आणि पासवर्ड एवढेच पुरेसे असतात. दुसऱ्या मतानुसार सुरक्षेचा प्रकार हे तिसरे अंगही तितकेच महत्त्वाचे आहे. प्रत्यक्ष अनुभव दुसऱ्या मताच्या बाजूने झुकतो. साधनाने साठवलेल्या नोंदीत नावासोबत सुरक्षेचा प्रकारही असतो आणि तो जुळला नाही, तर जुने साधन नव्या राउटरला आपले नेटवर्क म्हणून ओळखत नाही. डब्ल्यूपीए-३ ही पद्धती २०१८ मध्ये जाहीर झाली आणि त्यानंतर हा मुद्दा अधिकच ठळक झाला. तिच्यातील एसएई ही देवाणघेवाण वरील २५६ बिटांची किल्ली वापरत नाही, तिला मूळ पासवर्डच हवा असतो. ज्या साधनाने पासवर्ड टाकून देऊन केवळ तयार किल्ली जपून ठेवली आहे, ते केवळ डब्ल्यूपीए-३ चालवणाऱ्या राउटरला, आतील प्रणाली कितीही अद्ययावत असली तरी, आपोआप जोडले जाऊ शकत नाही.

एका उदाहरणावरून हे सगळे एकत्र पाहता येईल. जुन्या राउटरवर २.४ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यासाठी `Angan` आणि ५ गिगाहर्ट्‌झ पट्ट्यासाठी `Angan_5G` अशी दोन नावे होती, दोहोंचा पासवर्ड एकच होता, सुरक्षा डब्ल्यूपीए-२ होती आणि राउटरचा अंतर्गत पत्ता `192.168.1.1` होता. नव्या राउटरवर `Angan` हे नाव व जुना पासवर्ड भरला, परंतु त्याच्या मूळ मांडणीत दोन्ही पट्ट्यांना एकच नाव, सुरक्षा केवळ डब्ल्यूपीए-३ आणि अंतर्गत पत्ता `192.168.0.1` असे होते. जुना राउटर आधी बंद केला आणि मग नवा सुरू केला. हा क्रम पाळणे महत्त्वाचे आहे, कारण दोन्ही एकाच वेळी चालू राहिले तर साधने कधी एकाला, कधी दुसऱ्याला चिकटतात आणि दोष कोठे आहे ते कळत नाही.

`Angan` वापरणारे नवे फोन डब्ल्यूपीए-३ जाणणारे व मूळ पासवर्ड जपून ठेवणारे असल्याने अर्ध्या मिनिटात जोडले गेले. मात्र तीन साधनांनी दाद दिली नाही आणि तिघांची कारणे वेगवेगळी होती. पहिला होता एक लॅपटॉप, जो कायम `Angan_5G` वर असे. त्याच्या यादीत `Angan` दिसत होते, पण त्या नावाची नोंद त्याने कधी केलीच नव्हती, त्यामुळे तो पासवर्ड विचारत थांबला. नव्या राउटरवरील ‘एकच नाव’ ही सोय बंद करून दुसऱ्या पट्ट्याला `Angan_5G` हे नाव परत दिल्यावर प्रश्न सुटला. नेटवर्काला दोन नावे असतील, तर ती दोन वेगळी नेटवर्के समजून दोन्ही जपावी लागतात.

दुसरा होता वायफायवर चालणारा जुना वीज-प्लग. त्याला डब्ल्यूपीए-३ माहीतच नव्हते. नव्या राउटरच्या जोडलेल्या साधनांच्या यादीत तो क्षणभरही उमटला नाही, त्याचा दिवा लुकलुकत राहिला. सुरक्षेचा प्रकार मिश्र, म्हणजे पडद्यावर बहुधा `WPA2/WPA3-Personal` असे लिहिलेला, निवडल्यावर तो एका मिनिटात जोडला गेला. तरीही असे साधन न जुळल्यास व्यवस्थापन-चौकटींच्या संरक्षणाचा `PMF` हा पर्याय तपासावा. डब्ल्यूपीए-३ मध्ये तो सक्तीचा असतो, मिश्र प्रकारात तो ऐच्छिक ठेवलेला असावा लागतो. त्याहीपलीकडे, काही जुन्या लॅपटॉपांतील चालक-प्रणालींना वायफाय-६ चे नेटवर्क यादीतच दिसत नाही. तेथे चालक-प्रणाली अद्ययावत करणे किंवा त्या पट्ट्यावर वायफाय-६ बंद करणे हा उपाय आहे.

तिसरे छपाईयंत्र होते आणि त्याचा दोष सर्वांत फसवा ठरला. ते वायफायला जोडले गेले होते, राउटरच्या यादीत दिसतही होते, पण छपाई होत नव्हती. त्याला पूर्वी `192.168.1.50` हा पत्ता हाताने दिलेला होता आणि नवे नेटवर्क मात्र `192.168.0` या मालिकेत होते. फोनांना हा त्रास का झाला नाही, हे समजून घेण्यासारखे आहे. फोन परत येताच डीएचसीपी या पत्ते वाटण्याच्या व्यवस्थेद्वारे आपला जुनाच पत्ता मागतो. तो पत्ता आपल्या मालिकेत बसत नाही असे दिसल्यावर राउटर नकार पाठवतो आणि फोन लगेच नवा पत्ता मागून घेतो. हाताने पत्ता दिलेले साधन असे काही विचारतच नाही. यावर छपाईयंत्र बदलण्यापेक्षा राउटरच बदलणे सोपे असते : त्याचा अंतर्गत पत्ता `192.168.1.1`, उपजाळे-मुखवटा `255.255.255.0` आणि वाटपाची मर्यादा `192.168.1.100` ते `192.168.1.199` अशी ठेवली. ५० हा क्रमांक वाटपाच्या बाहेर राहिल्याने तो पत्ता दुसऱ्या साधनाला जाण्याची भीती उरली नाही. राउटर पुन्हा सुरू झाल्यावर छपाईयंत्राला हात न लावता छपाई सुरू झाली. नाव व पासवर्ड यांच्या जोडीने अंतर्गत पत्ताही जुनाच ठेवावा, असे या नोंदीचे मत आहे. प्रचलित सूचनांतून हा मुद्दा बहुधा सुटतो.

यावरून दोष ओळखण्याचा क्रम ठरतो. नेटवर्क यादीत दिसत नसेल किंवा अनोळखी म्हणून दिसत असेल, तर नाव, पट्टा किंवा सुरक्षेचा प्रकार तपासावा. ओळखीचे दिसूनही जोडणी होता होता तुटत असेल, तर किल्ली जुळत नाही असे समजावे. लिनक्सच्या नोंदवहीत त्या वेळी `4-Way Handshake failed - pre-shared key may be incorrect` असे वाक्य आढळते. जोडणी पूर्ण होऊनही काम होत नसेल, तर साधनाचा पत्ता पाहावा. तो `169.254` ने सुरू होत असेल, तर राउटरकडून पत्ता मिळालेलाच नाही आणि साधनाने तो स्वतःच घेतलेला आहे.

साधन राउटरला यंत्र म्हणून ओळखत नसल्यामुळे कोणीही त्याच नावाचे खोटे नेटवर्क उभे करू शकतो, हा या सोयीचा दुसरा चेहरा आहे. पासवर्ड असलेल्या नेटवर्कात मात्र चार टप्प्यांच्या देवाणघेवाणीत राउटरलाही किल्ली ठाऊक असल्याचे सिद्ध करावे लागते, त्यामुळे केवळ नाव जुळवून जोडणी पुरी होत नाही. पासवर्ड नसलेल्या खुल्या नेटवर्कात हे संरक्षण नसते. कार्यालयांतील ८०२.१एक्स पद्धतीच्या नेटवर्कात ओळख पटवण्याचे काम सर्व्हरच्या प्रमाणपत्रावर सोपवलेले असते, म्हणून वर वर्णिलेली रीत तेथे लागू पडत नाही.

जुना राउटर टाकून देण्यापूर्वी किंवा दुसऱ्यास देण्यापूर्वी त्यावरील मांडणी पुसणे येथे विशेष गरजेचे ठरते. पासवर्ड बदललेला नसल्याने त्या यंत्रात साठलेला पासवर्ड आजही चालू असतो, आणि ते यंत्र जवळपास कोठे सुरू झाले, तर घरातील साधने त्याच्याकडेही आपोआप वळतात. मागील बाजूच्या बारीक छिद्रातील कळ, बहुतेक नमुन्यांत सुमारे दहा सेकंद, दाबून धरल्यास ही मांडणी पुसली जाते. नवा राउटर थोडा वेळ बंद ठेवून जुना पुन्हा सुरू करावा आणि साधनाच्या यादीत जुने नाव दिसेनासे झाल्याची खात्री करावी.