नवजात कावीळ (तिसऱ्या दिवसाची कावीळ)

जन्मानंतर पहिल्या आठवड्यात बाळाची कातडी आणि डोळ्याचा पांढरा भाग पिवळा पडणे. विदर्भात खेड्यापाड्यात 'लेकरू पिवळं पडलं', 'पिलिया झाला' असं म्हणतात. मोठ्या माणसाला दूषित पाण्यातून होणारी कावीळ वेगळी, तिच्यात लिव्हरला सूज असते. इथे बहुतेक वेळा लिव्हर धडधाकट असतं पण कामाला अजून पुरतं लागलेलं नसतं. नाव एकच असल्यामुळे घोळ होतो आणि तान्ह्या बाळालाही माळ घालणे, चुन्याच्या पाण्याने कावीळ उतरवणे हे प्रकार चालतात. माळेने बरी झाली असं वाटतं, कारण बहुतेक बाळांची ही कावीळ तशीही आठवड्या-दोन आठवड्यात उतरतेच.

तिसराच दिवस का, यावर जुन्या-नव्या पुस्तकांत जोर वेगवेगळ्या गोष्टींवर आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन हा पिवळा पदार्थ तयार होतो. नवजात बाळात या पेशी जास्त असतात आणि मोठ्यांच्या १२० दिवसांच्या मानाने लवकर, साधारण ७० ते ९० दिवसांत मोडतात, म्हणून वजनाच्या हिशोबाने बाळ मोठ्या माणसाच्या दुपटीहून जास्त बिलिरुबिन बनवतं. पोटात असताना ते वारेतून आईकडे जायचं, नाळ कापली की तो रस्ता बंद. आता ते लिव्हरने पाण्यात विरघळेल असं करून पित्तातून बाहेर टाकायचं, पण हे काम करणारं एन्झाइम जन्माच्या वेळी मोठ्यांच्या जेमतेम एक टक्का चालत असतं. जुनी पुस्तकं सगळा दोष या एन्झाइमवर टाकून मोकळी होतात. दुसरा मुद्दा आतड्याचा. बाळाच्या पहिल्या काळ्या चिकट शीमध्ये भरपूर बिलिरुबिन असतं, ती आत अडून राहिली तर तेच बिलिरुबिन परत रक्तात शोषलं जातं. खरं तर दोन्ही गोष्टी एकत्रच चालतात, पण दोन सारख्या बाळांपैकी एक जास्त का पिवळं पडलं हे विचारलं तर दूध किती मिळालं आणि शी किती वेळा झाली इथेच उत्तर बरेचदा सापडतं. पहिले दोन दिवस चीक न पाजता मध नाहीतर गुळाचं पाणी चाटवलं की काळी शी आतच राहते.

तिसऱ्या दिवसाचं गणित तसं सोपं आहे. जन्मताना बिलिरुबिन साधारण २ मिलिग्रॅमच्या आसपास असतं (दर १०० मिली रक्तामागे, पुढचे आकडेही तसेच) आणि डोळ्याला पिवळं दिसायला ५ च्या पुढे जावं लागतं, तिथवर चढायला एक-दोन दिवस जातातच. पुरत्या दिवसांच्या बाळात ते तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सगळ्यात वर जातं आणि मग आईचं दूध उतरल्यावर, शी पिवळी झाल्यावर खाली येतं. म्हणून पहिल्या २४ तासांत दिसलेला पिवळेपणा हा 'तिसऱ्या दिवसाचा' नव्हेच, तिथे पेशी भराभर मोडताहेत असं धरून चालतात: आई आरएच निगेटिव्ह, आई ओ गटाची नि बाळ ए किंवा बी गटाचं, किंवा बाळात जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची कमतरता. ही कमतरता विदर्भातल्या काही समाजांत आढळते आणि अशा बाळाला पेटीतून काढलेले, डांबरगोळीचा वास येणारे जुने कपडे घातले तर तेवढ्यानेही पेशी फुटू शकतात. सिकलसेल इथे माहितीचा आजार म्हणून लोक त्याचं नाव घेतात, पण जन्मतः बाळात गर्भातलंच हिमोग्लोबिन जास्त असल्याने त्याचा त्रास सहसा काही महिन्यांनी सुरू होतो.

ग्रामीण रुग्णालयातून बाळंतीण दोन दिवसांत घरी गेली तर कावीळ चढते ती घरी, आणि बाळंतिणीची खोली म्हणजे दार ओढलेलं, खिडकीला गोधडी, वर एक पिवळा बल्ब. त्या उजेडात सगळंच पिवळं दिसतं म्हणजे काहीच दिसत नाही. बाळ दारापाशी दिवसाच्या उजेडात आणायचं, कपाळावर आणि छातीच्या हाडावर बोट दाबून उचलायचं, दाबलेली जागा पिवळी दिसते का पाहायचं, हिरड्याही पाहायच्या. पिवळेपणा चेहऱ्यावरून खाली उतरत जातो हे क्रेमर यांनी १९६९ मध्ये मांडलं, तळहात-तळपाय पिवळे म्हणजे आकडा साधारण १५ च्या पुढे असं समजतात. सावळ्या कातडीवर हा अंदाज बराच चुकतो, तेव्हा तो दवाखान्यात न्यायचं की नाही एवढ्यापुरताच, बाळाला निळ्या लाइटखाली ठेवून उपचार करायचा का हे ठरवायला रक्त तपासावंच लागतं. आशाताईच्या घरभेटींत तिसरा दिवस आहे, हा घरभेटीचा नमुना मुळात गडचिरोलीतल्या 'सर्च' या संस्थेच्या कामातून पुढे आलेला.

लाइटच्या उपचाराचा उगम साधारण १९५६ चा, इंग्लंडमधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयातला मानतात. वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना उन्हात नेत, एका बाळाची झाकलेली कातडी पिवळी आणि उघडी फिकी दिसली, हे एक. खिडकीत उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नळीतलं बिलिरुबिन कमी भरलं, हे दुसरं. आधी काय घडलं यावर सांगणाऱ्यांचं एकमत दिसत नाही, पण १९५८ मध्ये क्रेमर (आडनाव मराठीत सारखंच, माणूस दुसरा) आणि सहकाऱ्यांनी ते छापलं. काम उष्णतेचं नाही, ४६० ते ४९० नॅनोमीटरच्या निळ्या उजेडाचं आहे, त्याने बिलिरुबिनच्या रेणूचा आकार बदलतो आणि ते लिव्हरची वाट न पाहता पित्तातून नि लघवीतून निघून जातं.

लाइट कधी, हे एका आकड्यावर ठरत नाही. समजा दोन बाळं, दोघांचं वय ७२ तास, दोघांचं बिलिरुबिन १६. पहिलं ३९ आठवड्यांचं, चांगलं पितंय. त्याची लाइटची रेषा, म्हणजे ज्या आकड्यापासून लाइट लावतात ती, १८ च्या आसपास, म्हणून त्याला दर दोन-तीन तासांनी पाजायचं आणि १२ ते २४ तासांत परत तपासायचं. दुसरं ३६ आठवड्यांचं, त्याची रेषा १५ च्या जवळ, त्याला आजच लाइट. आणि हाच १६ आकडा तिसाव्या तासाला आला तर पुरत्या दिवसांच्या बाळालाही ताबडतोब लाइट, सोबत रक्तगटाची तपासणी. अमेरिकेतल्या २०२२ च्या नियमावलीने या रेषा थोड्या वर सरकवल्या, त्यामुळे दोन डॉक्टरांचे आकडे एखाद्या मिलिग्रॅमने वेगळे निघाले तर बिचकू नये.

लाइटखाली बाळ लंगोट सोडून उघडं, डोळ्यांवर पट्टी, दूध चालूच. कातडीचा पिवळेपणा लवकर उतरतो, म्हणून रंग पाहून लाइट बंद करत नाहीत, रक्ताचा आकडा रेषेच्या दोनेक मिलिग्रॅम खाली आला की बंद. शी पातळ, हिरवट होते, ते चालतं. मशीन चालू दिसूनही आकडा हलत नसेल तर जुन्या ट्यूबा मंद झाल्यात का, लाइट फार उंचावर आहे का, हे आधी बघतात, आणि तरीही चढतच असेल तर पेशी मोडत असणार, मग रक्त बदलण्याची तयारी.

'कोवळ्या उन्हात ठेवा' हा सल्ला अजून ऐकू येतो. उन्हात निळा उजेड असतो हे खरं, पण किती लागला ते मोजता येत नाही, आणि चंद्रपूर-अकोल्याकडच्या मे महिन्यात बाळ तापून सुकतं, सुकलं की दूध ओढत नाही. ज्याला लाइट लागतो त्याला ऊन पुरत नाही.

बाळ पिईना, उठवूनही उठेना, चिरक्या आवाजात रडतंय किंवा मान मागे टाकून धनुष्यासारखं ताणतंय, तर बिलिरुबिन मेंदूपर्यंत गेल्याची शंका घेऊन त्याच तासाला जिल्ह्याच्या नवजात कक्षात न्यावं. दोन आठवडे उलटूनही पिवळेपणा राहिला आणि शी पांढुरकी, मातकट झाली तर प्रकार पित्तनळीचा असू शकतो, त्यावर लाइट चालत नाही, ऑपरेशन लागतं आणि ते दोन महिन्यांच्या आत झालेलं बरं.