जेसीबीच्या मीटरवरचे २.७५ तास म्हणजे नक्की किती वेळ?

शेततळे खोदायला किंवा बांध घालायला जेसीबी बोलावला की भाडे ताशी ठरते. तास मोजायला दोन साधने हाताशी असतात: शेतकऱ्याच्या हातातले घड्याळ किंवा मोबाइल, आणि मशीनच्या डॅशबोर्डवरचे अवर मीटर. दोन्ही तासच मोजतात, पण तासाचे तुकडे वेगवेगळे पाडतात. घड्याळ तासाचे साठ भाग करते, अवर मीटर दहा. मीटरवर ३८४७.९ असे दिसले तर शेवटचा ९ म्हणजे नऊ मिनिटे नव्हेत. तो तासाचा नऊ दशांश भाग आहे, म्हणजे ५४ मिनिटे. बऱ्याच मीटरवर हा शेवटचा आकडा वेगळ्या रंगात असतो तो यासाठीच. त्याचे एक घर पुढे सरकायला सहा मिनिटे लागतात.

आता २.७५ तास घेऊ. डावीकडचे २ हे पूर्ण तास आहेत, त्यांना हात लावायचा नाही. उरलेल्या ०.७५ ला ६० ने गुणायचे. ०.७५ × ६० = ४५. म्हणून २.७५ तास म्हणजे २ तास ४५ मिनिटे. मराठी माणसाला हे गुणाकाराशिवायही कळते, कारण पावणेतीन तास म्हणजे तीनला पाव कमी, आणि तासाचा पाव म्हणजे १५ मिनिटे. सव्वादोन म्हणजे २.२५, अडीच म्हणजे २.५०. पाव, अर्धा, पाऊण यांच्यापाशी आपली जीभच हिशेब करून देते. अडते ते मधल्या आकड्यांपाशी. २.७ तास म्हणजे किती? ०.७ × ६० = ४२, म्हणून २ तास ४२ मिनिटे. २.४ म्हणजे २ तास २४ मिनिटे. उलट जायचे असेल तर मिनिटांना ६० ने भागायचे: ४२ ÷ ६० = ०.७.

गणित एवढेच आहे. तरीही हिशेब चुकतात, आणि त्याचे एक मोठे कारण आपल्या लिहिण्यात आहे. आपण वेळ लिहितानाही टिंबच वापरतो. लग्नपत्रिकेत मुहूर्त ‘१२.३५ वा.’ असा छापतात. त्यामुळे काम २ तास ४५ मिनिटे चालले की वहीत सहज २.४५ लिहिले जाते. तोवर काही बिघडलेले नसते, कारण लिहिणाऱ्याला अर्थ ठाऊक असतो. पण रात्री हिशेबाला बसल्यावर तो आकडा कॅल्क्युलेटरमध्ये जातो, आणि कॅल्क्युलेटरला टिंबाचा एकच अर्थ माहीत असतो: दशांश.

समजा, मशीन सकाळी ९ वाजून २० मिनिटांनी सुरू झाले आणि दुपारी १२ वाजून ५ मिनिटांनी थांबले. काम २ तास ४५ मिनिटांचे झाले. हिशेबापुरता दर ताशी १२०० रुपये धरू. खरी रक्कम २.७५ × १२०० = ३३०० रुपये. वहीतल्या २.४५ ला १२०० ने गुणले तर २९४० येतात. मशीनवाल्याचे ३६० रुपये बुडाले. उलटी चूकही होते. मशीनवाल्याने २.७५ लिहून दिले आणि कोणी ते २ तास ७५ मिनिटे असे वाचले, तर सव्वातीन तास होतात आणि शेतकरी ३९०० रुपये मोजतो.

पहिली चूक जास्त धोकादायक, कारण ती नेहमी एकाच बाजूला झुकते. ४५ मिनिटे ०.४५ म्हणून धरली की त्यांची २७ मिनिटेच उरतात, १८ मिनिटे गायब. १० मिनिटांची ६ होतात, ५० ची ३०. मिनिटे कितीही असोत, त्यांतली चाळीस टक्के हरवतात. कधी जास्त, कधी कमी असे होत नाही, त्यामुळे हंगामभराच्या बेरजेत ही तूट भरून निघत नाही, साठत जाते. तासावर काम करणाऱ्या मजुराचा ओव्हरटाइम असा मांडला गेला, तर प्रत्येक वेळी त्याच्याच पदरचे जाते.

जुनी वही हातात आली तर तिच्यातले आकडे मिनिटांचे की दशांशाचे, हे ओळखता येते. टिंबानंतरचे दोन अंकी आकडे बघत जा. कुठे ६० ते ९९ मधला आकडा दिसला, उदाहरणार्थ ३.८०, तर ती नोंद मिनिटांची असूच शकत नाही, कारण ऐंशी मिनिटे कोणी लिहीत नाही. पन्नास-साठ नोंदी चाळूनही एकही आकडा ५९ च्या पुढे गेला नाही, तर ती बहुधा मिनिटेच आहेत. मग थेट बेरीज करायची नाही, तास वेगळे आणि मिनिटे वेगळी मिळवायची. नवी वही घातली तर सगळ्यात सोपा उपाय म्हणजे मिनिटांसाठी टिंबाऐवजी विसर्ग चिन्हासारखी दोन टिंबे द्यायची: २:४५. मग दोन्ही आकडे एकमेकांत मिसळत नाहीत.

तासाचे दहा किंवा शंभर भागच का केले नाहीत, असे वाटू शकते. साठाची विभागणी बॅबिलोनच्या ज्योतिर्विदांकडून चालत आली आहे, आणि साठाला २, ३, ४, ५, ६ या सगळ्यांनी पूर्ण भाग जातो. फ्रान्समध्ये क्रांतीनंतर १७९३ साली दशमान वेळेचा कायदा झाला होता: दिवसाचे १० तास, तासाची १०० मिनिटे. त्या घड्याळात २.७५ तास म्हणजे सरळ २ तास ७५ मिनिटेच. पण लोकांनी ते स्वीकारले नाही आणि १७९५ मध्ये त्याची सक्ती उठवली गेली.

हिशेब संगणकावर असेल तर एक्सेलची एक गोष्ट माहीत हवी. एक्सेल वेळ दिवसांत मोजते, त्याच्या लेखी १ म्हणजे पूर्ण दिवस. A1 या घरात 2.75 लिहून त्याला नुसते वेळेचे रूप दिले तर ते 18:00 दाखवते, कारण त्याने पावणेतीन दिवस धरलेले असतात आणि पाऊण दिवस म्हणजे १८ तास. म्हणून आधी २४ ने भागायचे:

```
=A1/24
```

आणि त्या घराला `[h]:mm` हे रूप द्यायचे, म्हणजे 2:45 दिसते. चौकटी कंस गाळले तर महिन्याच्या बेरजेत २४ च्या वरचे तास दिसेनासे होतात.

राहता राहिला मीटरचा स्वतःचा फरक. दशांशापर्यंतच दाखवणाऱ्या मीटरवर २.७५ कधीच दिसत नाही. सुरुवात ३८४७.९२ ला झाली असेल तर ३८४७.९ दिसते, शेवट ३८५०.६७ ला झाला तर ३८५०.६. वजाबाकी २.७. तेच काम ३८४७.९७ ला सुरू झाले असते तर शेवटी ३८५०.७ दिसले असते आणि वजाबाकी २.८ आली असती. काम तितकेच, पण मीटरचे उत्तर २ तास ४२ मिनिटे किंवा २ तास ४८ मिनिटे. एवढ्या फरकावरून कोणी कोणाला खोटे ठरवू नये. जुन्या ट्रॅक्टरवर आणखी एक बाब असते. तिथले यांत्रिक मीटर इंजिनाच्या फेऱ्यांवर चालते, आणि ठरलेल्या वेगाने इंजिन फिरले तरच त्याचा तास घड्याळाच्या तासाइतका भरतो. इंजिन मंद चालले तर मीटर मागे पडते. अशा ट्रॅक्टरचे भाडे मीटरवर द्यायचे की घड्याळावर, हे काम सुरू होण्याआधीच ठरवून घ्यावे.