बायपास ट्रेमधून जाड कार्ड आणि पाकिटं छापताना

लेझर प्रिंटरवर कार्ड छापलं, अक्षरं झकास उमटली, आणि अंगठा फिरवला तर सगळी काळी पूड बोटाला लागली. असं झालं की बहुतेक जण टोनरला दोष देतात आणि काडतूस बदलतात. पण चूक बरेचदा Paper Type या एका रकान्यात असते. कार्ड 250 जीएसएमचं, म्हणजे चौरस मीटरला 250 ग्रॅम वजनाचं होतं आणि प्रिंटरला मात्र साधा कागद आहे असं सांगितलेलं होतं.

हा रकाना का महत्त्वाचा, ते टोनर कागदाला चिकटतो कसा यावरून कळतं. टोनर म्हणजे रंग मिसळलेल्या प्लॅस्टिकची बारीक पूड. ती आधी विद्युतभाराच्या ओढीने कागदावर येते आणि तिथे नुसती बसलेली असते. मग कागद फ्यूजरमधून जातो. त्यातला एक रोलर साधारण 180 ते 200 अंश सेल्सिअस तापलेला असतो आणि दुसरा खालून दाब देतो. या दोघांमध्ये पूड वितळते आणि कागदाच्या तंतूंत शिरते. दोन रोलर एकमेकांवर दाबतात तो पट्टा 8 मिलिमीटर रुंद असेल आणि कागद सेकंदाला 150 मिलिमीटर वेगाने जात असेल, तर वितळायला मिळणारा वेळ सेकंदाच्या विसाव्या भागाइतकाच असतो.

80 जीएसएमच्या कागदाला तेवढा वेळ पुरतो. 250 जीएसएमच्या कार्डात मात्र तेवढ्याच जागेत तिप्पट वस्तुमान असतं आणि रोलरची उष्णता ते आत ओढून घेतं. टोनर वरून मऊ होतो, पण कार्डाला टेकलेली त्याची खालची बाजू वितळतच नाही. म्हणून अक्षर दिसतं नीट, पण पकडत नाही. Thick किंवा Heavy निवडलं की प्रिंटर कागद हळू सोडतो, काही यंत्रं फ्यूजरचं तापमानही वाढवतात. वेग निम्मा केला की वितळायचा वेळ दुप्पट होतो. शिवाय टोनर कागदावर खेचणारा व्होल्टेजही जाड कागदासाठी बदलतो, कारण आता तो जास्त जाडीच्या आरपार काम करत असतो. जाड कार्डाला छपाई मंद होते, मध्येच यंत्र थांबून तापत बसतं, ते यासाठीच. ते बिघडलेलं नसतं.

बहुतेक छोट्या प्रिंटरांना कागदाची जाडी स्वतःहून कळत नाही. आपण सांगू त्यावर ते चालतात, म्हणून जीएसएम अंदाजाने न ठरवता मोजावा. किराण्याचा किंवा स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. ए4 कागदाचं क्षेत्रफळ चौरस मीटरच्या सोळाव्या भागाइतकं असतं. त्यामुळे दहा ए4 तावांचं वजन ग्रॅममध्ये घ्यायचं आणि 1.6 ने गुणायचं. दहा ताव 50 ग्रॅम भरले तर कागद 80 जीएसएमचा, 156 ग्रॅम भरले तर 250 चा. मग प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेत बायपास ट्रेची, म्हणजे हाताने कागद घालायच्या उघडत्या ट्रेची, कमाल मर्यादा पाहा. टेबलावरच्या बऱ्याच प्रिंटरांत ती 163 जीएसएमच्या आसपास असते, तर ऑफिसातल्या मोठ्या यंत्रांत 250 ते 300 पर्यंत जाते. Thick 1, Thick 2 या पायऱ्यांचे आकडे कंपनीगणिक वेगळे असतात, तेही तिथेच मिळतात. मर्यादेपेक्षा जाड कार्ड कोणत्याही सेटिंगने नीट छापलं जात नाही.

बायपासच का, तर खालच्या ट्रेतून निघालेला कागद आत यू आकारात वळतो. जाड कार्ड तसं वळायला तयार नसतं, ते अडकतं किंवा वाकून बाहेर येतं. बायपासमधून वाट बरीच सरळ असते. प्रिंटरला मागचं झाकण उघडून कागद तिथूनच बाहेर काढायची सोय असेल तर तीही वापरावी, म्हणजे शेवटचं वळणही टळतं.

आता 250 जीएसएमच्या ए4 कार्डाचंच उदाहरण घेऊ. दहा-पंधरा कार्डंच ट्रेमध्ये ठेवा, आधी ती फडफडवून मोकळी करा. बाजूच्या पट्ट्या कार्डाला टेकतील इतक्याच सरकवा. घट्ट केल्या तर कार्ड फुगतं, सैल ठेवल्या तर तिरकं जातं. प्रिंटरच्या पॅनेलवर बायपासचा आकार A4 आणि प्रकार Thick मधली योग्य पायरी निवडा. संगणकावरच्या Printing Preferences मध्येही Paper Source ला Bypass किंवा Multi-purpose Tray आणि Media Type ला तोच प्रकार द्या. दोन्हीकडे एकच माहिती नसेल तर यंत्र संदेश दाखवून थांबतं, नाहीतर दुसऱ्याच ट्रेतून कागद ओढतं. एक कार्ड छापा, थंड होऊ द्या आणि बोटाने घासा. पूड निघाली तर एक पायरी वर जा. अक्षर घासून निघत नाही पण फिकं किंवा ठिपक्याठिपक्यांचं आहे, तर दोष उष्णतेचा नसून टोनर खेचला न जाण्याचा आहे. अशा वेळी कार्ड दमट आहे का, त्याचा पृष्ठभाग खडबडीत आहे का, ते पाहावं. कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात गठ्ठा उघडा ठेवला की हे हमखास होतं. लागतील तेवढीच कार्डं वेष्टनातून काढावीत.

पाकिटाची अडचण निराळी आहे. तिथे दोन थर एकमेकांवर सरकतात आणि मध्ये हवा असते. रोलर दाबतो तेव्हा हवा मागे ढकलली जाते, वरचा आणि खालचा थर सारख्या गतीने पुढे जात नाहीत, आणि मागच्या कोपऱ्यात सुरकुती पडते. म्हणून पाकीट सपाट पृष्ठभागावर दाबून हवा काढा आणि आत जाणारी कड नखाने चांगली घासून बसवा. काही प्रिंटरांत मागचं झाकण उघडलं की फ्यूजरचा दाब कमी करणारे दोन खटके दिसतात. पाकिटांसाठी ते पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे फिरवा आणि काम झाल्यावर पूर्ववत करा, नाहीतर साध्या कागदावरची छपाई निघू लागेल.

आपल्याकडचं 9 बाय 4 इंची पाकीट म्हणजे 229 बाय 102 मिलिमीटर. ते 220 बाय 110 च्या DL शी जुळत नाही, त्यामुळे यादीतलं DL निवडलं तर पत्ता सरकतो. Custom Size मध्ये खरं माप भरा आणि Media Type ला Envelope द्या. वर्डमध्ये Mailings, Envelopes, Options या वाटेने Printing Options उघडलं की पाकीट कोणत्या दिशेने घालायचं आणि कोणत्या ट्रेतून ओढायचं ते ठरवता येतं. ट्रेवरच्या चित्राप्रमाणे पाकीट ठेवा. एका पाकिटावर पेन्सिलीने फुली मारून छापलं की कोणती बाजू वर आणि कोणतं टोक पुढे, हे कायमचं कळतं. जोडाची शिवण छपाईखाली येत असेल तर तिथे जाडी बदलते आणि अक्षरं तुटतात. पत्ता थोडा सरकवा.

प्लॅस्टिकची खिडकी असलेली, धातूची चाप असलेली किंवा सोनेरी वर्ख लावलेली पाकिटं लेझरमध्ये घालू नयेत. लग्नपत्रिकांवर असते तशी उठावाची छपाई आधीच झालेली असेल तर तीही नको. ती बरेचदा उष्णतेने मऊ होणाऱ्या राळेची असते, फ्यूजरला चिकटते आणि पुढच्या प्रत्येक पानावर ठराविक अंतराने डाग उमटवते. 30 मिलिमीटर व्यासाचा रोलर असेल तर ते अंतर सुमारे 94 मिलिमीटर भरतं. डागांमधलं अंतर मोजलं की दोष त्या रोलरचा आहे का, हे ओळखता येतं.

काम संपलं की बायपासचा प्रकार परत Plain करा. Thick तसंच राहिलं आणि पुढच्याने साधा कागद घातला, तर त्याला गरजेपेक्षा जास्त उष्णता मिळते. टोनर पातळ होऊन रोलरला लागतो आणि कागद कुरळा होऊन फ्यूजरपाशी अडकतो.