बेपत्ता विमाधारकाचा मृत्युदावा: सात वर्षं, मिसिंगची नोंद आणि शाखेला द्यायचं पत्र

घरातला माणूस बेपत्ता असेल आणि त्याच्या नावावर आयुर्विम्याची पॉलिसी असेल, तर सगळ्यात आधी एक सांगतो: हप्ते बंद करू नका. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक कुटुंबांनी नेमकं तेच केलेलं असतं. सात वर्षांनी पैसे मिळतात एवढं त्यांनी ऐकलेलं असतं, पण त्या सात वर्षांत पॉलिसी चालू ठेवावी लागते हे त्यांना कुणी सांगितलेलं नसतं.

आधी कायदा पाहू. ज्यांना एखाद्या माणसाची खबर मिळायला हवी होती, त्या जवळच्या लोकांना सात वर्षं त्याची काहीच खबर मिळाली नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी तसं म्हणणाऱ्यावर येते. भारतीय पुरावा कायदा 1872 मध्ये हे कलम 108 होतं. 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमात ते कलम 111 आहे. पत्रात किंवा वादपत्रात अजूनही जुनंच कलम लिहिलेलं दिसतं, म्हणून लक्ष असू द्या.

सात वर्षं झाली म्हणजे माणूस आपोआप मृत ठरत नाही. आयुर्विमा महामंडळ विरुद्ध अनुराधा या 2004 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने दोन गोष्टी स्पष्ट केल्या. हे गृहीतक न्यायालयासमोर प्रश्न आल्यावरच लागू होतं, आणि मृत्यू नेमका कधी झाला हे त्यातून ठरत नाही. ‘तो गेला त्याच दिवशी वारला, म्हणून पुढचे हप्ते लागू नाहीत’ असं म्हणायचं असेल, तर तो दिवस पुराव्याने सिद्ध करावा लागतो. त्या प्रकरणात हप्ते थांबलेले होते, म्हणून पूर्ण विमा रक्कम नाही, फक्त पेड-अप मूल्य, म्हणजे भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणातली रक्कम, देय ठरलं.

हा फरक किती पडतो ते एका काल्पनिक प्रकरणातून पाहू. सातारा जिल्ह्यातल्या एका गृहस्थांची ऑक्टोबर 2009 ची, 5 लाखांची, 25 वर्षं मुदतीची पॉलिसी आहे. वार्षिक हप्ता 21,000 रुपये. 14 मार्च 2017 ला ते घरातून गेले तेव्हा 8 हप्ते भरलेले होते. तिथेच हप्ते थांबले, तर पेड-अप रक्कम पाच लाखांच्या पंचवीसपैकी आठ भाग, म्हणजे 1,60,000 रुपये, आणि तोवर जमा झालेला बोनस. पत्नीने ऑक्टोबर 2017 ते ऑक्टोबर 2024 असे आणखी 8 हप्ते भरले, तर तिच्या खिशातून 1,68,000 रुपये जातील, पण दावा पूर्ण पाच लाखांचा आणि वाढत्या बोनसचा राहील. बंद पडलेली पॉलिसी नंतर चालू करून घेऊ म्हणावं, तर त्यासाठी विमाधारकाचीच सही आणि तब्येतीचं निवेदन लागतं. तोच घरात नाही.

आता सात वर्षं कुठून मोजायची? तक्रारीच्या तारखेपासून नाही, शेवटची खबर मिळाली त्या दिवसापासून. वरच्या प्रकरणात मिसिंगची नोंद 16 मार्चला झाली, पण 26 मार्चला त्यांनी एका अनोळखी नंबरवरून भावाला फोन केला होता. म्हणजे मुदत 26 मार्च 2024 ला पूर्ण झाली. असा फोन लपवू नका. तो पोलिसांच्या कागदांत असतोच, आणि उलटतपासणीत निघाला की सगळी साक्ष संशयात येते.

पोलिसांकडचे दोन कागद वेगवेगळे असतात, आणि लोक पहिला दाखवून दुसरा विसरतात. पहिला म्हणजे मिसिंग नोंदीची प्रत, तिच्यावर रजिस्टर क्रमांक आणि तारीख असते. प्रौढ माणूस हरवल्यावर सहसा एफआयआर नव्हे, मिसिंगची नोंद होते. त्यामुळे शाखेत ‘एफआयआर आणा’ म्हणाले तर हीच प्रत दाखवा आणि ती काय आहे ते सांगा. दुसरा कागद म्हणजे शोध घेऊनही माणूस मिळून आला नाही असा पोलीस ठाण्याचा दाखला. एका बाईंनी जपून ठेवलेला दाखला मी पाहिला होता. घडीवर फाटलेला, शिक्का पुसट, आणि खाली ‘तपास चालू आहे’. तो दुसऱ्या वर्षीचा होता, म्हणून त्याचा उपयोग झाला नाही. सात वर्षं पूर्ण झाल्यावरचा, जावक क्रमांक असलेला ताजा दाखला लेखी अर्ज करून मागा.

मग दिवाणी न्यायालय. माणूस मृत समजण्यात यावा अशी घोषणा मागणारा वाद पत्नी किंवा वारस दाखल करतात. सरकारला पक्षकार केलं तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 80 प्रमाणे आधी दोन महिन्यांची नोटीस लागते, म्हणून मुदत पूर्ण होताच वकिलांकडे जा. वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस आणि नातेवाइकांच्या साक्षी यांत वेळ जातो. तोवर हप्ता चालूच ठेवायचा, अगदी हुकूमनामा हातात पडेपर्यंत. वर्षभर लागलं तर तो हप्ताही तुमचाच. विमा कंपनी सवलत म्हणून मधले हप्ते माफ करू शकते, पण ती तिची मर्जी, तुमचा हक्क नाही.

सात वर्षं न थांबताही दावा होऊ शकतो, पण तो मोठ्या दुर्घटनेत. 2013 च्या केदारनाथच्या महापुरात बेपत्ता झालेल्यांना सरकारी पातळीवर मृत मानून दाखले दिले गेले. घरातून निघून गेलेल्या माणसाला हा मार्ग लागू नाही.

हुकूमनामा मिळाला की पॉलिसी ज्या शाखेत आहे तिथे पत्र द्यायचं. त्यात कहाणी नको, तारखा हव्यात:

‘प्रति, शाखाधिकारी. विषय: पॉलिसी क्रमांक … वरील बेपत्ता विमाधारकाच्या मृत्युदाव्याबाबत.

महोदय, वरील पॉलिसीचे विमाधारक, माझे पती, दि. 14 मार्च 2017 रोजी घरातून निघून गेले. मिसिंग रजिस्टर क्र. …, पोलीस ठाणे …, दि. 16 मार्च 2017. त्यांची शेवटची खबर दि. 26 मार्च 2017 रोजी मिळाली, त्यानंतर आजवर नाही. ते मिळून आले नसल्याचा पोलीस दाखला जावक क्र. …, दि. … सोबत जोडला आहे. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 111 नुसार दिवाणी न्यायालय … यांनी वाद क्र. … मध्ये दि. … रोजी त्यांना मृत समजण्याचा हुकूमनामा दिला आहे. ऑक्टोबर 2024 पर्यंतचे सर्व हप्ते भरले आहेत. मी नामनिर्देशित व्यक्ती आहे. अंत्यसंस्कार झालेले नसल्याने त्याचा आणि डॉक्टरांचा दाखला देता येत नाही. पूर्ण विमा रक्कम व बोनस मिळावा ही विनंती.’

शेवटून दुसरं वाक्य महत्त्वाचं आहे. नेहमीच्या मृत्युदाव्याच्या संचात दवाखान्याचा आणि अंत्यविधीचा दाखला असतो, आणि तो जागेवर नसला की फाइल ‘अपूर्ण’ म्हणून परत येते. कारण आधीच लिहून ठेवलं तर ती अडचण टळते.

पत्रासोबत मूळ पॉलिसी, हुकूमनाम्याची सही-शिक्क्याची नक्कल (झेरॉक्स चालत नाही), पोलिसांचे दोन्ही कागद, हप्त्यांच्या पावत्या, दावा अर्ज आणि भरपाई पावती, आणि तुमचं ओळखपत्र व बँक खात्याचा तपशील द्या. महामंडळात दावा अर्जाचा नमुना 3783 आणि भरपाई पावतीचा 3801 आहे. दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यायला विसरू नका. नकार आला किंवा महिनाभर उत्तर आलं नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येतं, आणि तिथे ही पोचच पहिला पुरावा असते. महाराष्ट्रात लोकपालांची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत.

अपघात लाभ मात्र या मार्गाने मिळेल असं धरू नका. हुकूमनाम्याने मृत्यू गृहीत धरला जातो, अपघात नाही.